सल्फा शोधताना

मेडिकलच्या काउंटरवर ‘ह्यांना सल्फा चालत नाही’ असं कुणी म्हटलं की मी लगेच विचारतो, कुठल्या औषधानं त्रास झाला होता आणि नेमकं काय झालं होतं? बहुतेक जण इथंच अडखळतात. ‘अंगावर काहीतरी उठलं होतं’ यापुढं माहिती जात नाही. पण या महिन्यात एका काकांचा मुलगा आला, त्याच्याकडं उत्तर लेखी होतं. वडिलांचं २०११ सालचं डिस्चार्ज कार्ड त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल, नवव्या दिवशी ताप, अंगभर लाल चट्टे, तोंडात फोड, औषध बंद, दवाखान्यात भरती. खाली लाल शाईत एकच शब्द: सल्फा.

काकांना मधुमेह आहे. पायाला बधिरपणा असल्यामुळं शेकायच्या पिशवीचा चटका कळला नाही आणि पावलावर भाजल्याची जखम झाली. सुट्टीच्या दिवशी जो दवाखाना उघडा मिळाला तिथून चिठ्ठी आणली, औषधं दुसऱ्याच दुकानातून घेतली, आणि घरी गेल्यावर मुलाच्या मनात शंका आली. त्यानं भिंग घेऊन प्रत्येक खोक्यावर इंग्रजीतली ‘सल्फ’ ही अक्षरं शोधली. मग त्यातली लोहाची गोळी तेवढी बाजूला काढून तो औषधांची सगळी पिशवीच माझ्याकडं घेऊन आला. तिच्यावर फेरस सल्फेट लिहिलं होतं.

त्याची पद्धत चुकीची म्हणता येणार नाही, अपुरी होती. सल्फेट म्हणजे गंधकाच्या आम्लाचा क्षार. लोह, झिंक, मॅग्नेशियम, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, जेंटामायसिन, अशा कितीतरी औषधांना तो जोडलेला असतो. सल्फा औषधांच्या ॲलर्जीशी त्याचा काही संबंध नाही. सल्फेट आपल्या शरीरात जन्मापासून असतंच. गंधकाचा साबण किंवा खाण्याचे पदार्थ टिकवण्यासाठी घातलेलं सल्फाइट हेही वेगळं प्रकरण. सल्फाइटनं दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो, पण ते सल्फाच्या घराण्यातलं नव्हे.

गोंधळ होतो तो स्पेलिंगमुळं. आपल्याकडं खोक्यावर हा शब्द कधी ‘एफ’नं येतो, कधी जुन्या पद्धतीनं ‘पीएच’नं. आणि इंग्रजीत सल्फेटची सुरुवातही त्याच पाच-सहा अक्षरांनी होते ज्यांनी सल्फा होतो. म्हणून मी बघतो ते पुढची अक्षरं. खऱ्या सल्फा औषधात ‘सल्फा’नंतर शब्द संपत नाही, तो लांबत जातो: सल्फामेथॉक्साझोल, सल्फाडायझिन, सल्फासिटामाइड, सल्फाडॉक्सिन, सल्फासलाझिन. पहिलं जंतुसंसर्गाच्या गोळीत, दुसरं भाजल्याच्या मलमात, तिसरं डोळ्यांच्या थेंबांत, चौथं मलेरियाच्या गोळीत, पाचवं सांधेदुखीच्या किंवा आतड्याच्या सुजेच्या गोळीत. सल्फेट मात्र बहुधा दुसऱ्या एखाद्या नावामागं शेपटीसारखा येतो आणि ‘ट’वर थांबतो.

आता मुलानं बाजूला न काढलेल्या वस्तूंकडं वळू. पिशवीत भाजल्यावर लावायची एक ट्यूब होती. समोर ठळक अक्षरांत ब्रँडचं नाव, त्यात ‘सल्फ’ कुठंच नाही. ट्यूबच्या मागच्या बाजूला, जिथं ती दाबून वळवतात तिथल्या मुडपीजवळ, बारीक अक्षरांत घटक होते: सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का, क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के. काकांच्या कार्डावरच्या लाल शब्दाचा सरळ वारस हाच.

‘पण हे तर वरून लावायचं मलम आहे,’ मुलगा म्हणाला. त्याच्यासारखं पुष्कळांना वाटतं. धडधाकट कातडीवरून औषध फारसं आत जात नसेल, पण भाजलेल्या, उघड्या जखमेतून सल्फाडायझिन रक्तात उतरतं. ज्या माणसाला तोंडात फोड येईपर्यंत प्रतिक्रिया झाली आहे, त्याच्या जखमेवर हे दिवसातून दोनदा चोपडायचं? मी ट्यूब उघडू दिली नाही. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, कार्ड वाचून दाखवलं, त्यांनी औषध बदलून दिलं. त्यांना हे कार्ड कुणी दाखवलंच नव्हतं.

बदललेलं मलम होतं फ्रॅमायसेटिन. मुलानं ट्यूब उलटी केली, मागं वाचलं आणि चमकून माझ्याकडं बघितलं. ‘ह्यातही सल्फेट आहे की!’ आहेच. फ्रॅमायसेटिन सल्फेट, १ टक्का. लोहाच्या गोळीचं सांगितलेलं त्याला इथं पुन्हा सांगावं लागलं, पण या खेपेला तो पटकन हसला. (फ्रॅमायसेटिन निओमायसिनच्या घराण्यातलं, तेव्हा निओमायसिननं ज्यांना त्रास होतो त्यांनी त्यापासून लांब राहावं. काकांचं तसं काही नव्हतं.)

राहिली मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची. घरी कुणीतरी माहितीपत्रकात वाचलं होतं की ग्लिमेपिराइड हे सल्फोनिलयुरिया आहे, आणि सगळे घाबरले होते. इथं उत्तर एका शब्दात देता येत नाही. लॅसिक्स या नावानं ओळखलं जाणारं फ्युरोसेमाइड, बीपीचं हायड्रोक्लोरोथायझाइड, दुखण्याचं सेलेकॉक्सिब आणि ही ग्लिमेपिराइड, या सगळ्यांच्या रेणूत सल्फोनामाइडचा तुकडा असतो. पण जंतूंविरुद्धच्या सल्फा औषधांत एका ठरावीक जागी जो मोकळा अमाइन गट असतो, तो यांच्यात त्या जागी नसतो. शरीर त्या गटाचं जे उपद्रवी रूप तयार करतं, त्यातून सल्फाच्या बऱ्याचशा प्रतिक्रिया सुरू होतात. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याबद्दलचा एक मोठा अभ्यास आला. सल्फा अँटिबायोटिकची ॲलर्जी असलेल्यांना या दुसऱ्या गटातल्या औषधांनी जास्त त्रास होतो हे त्यात दिसलं. पण या लोकांना पेनिसिलिननंही तसाच त्रास जास्त होत होता. याचा अर्थ, दोष रेणूच्या नात्यापेक्षा त्या माणसाच्या एकूण ॲलर्जीच्या प्रवृत्तीचा असावा.

काकांच्या बाबतीत कोडं आणखी सोपं होतं. २०११ नंतर ते वर्षानुवर्षं ग्लिमेपिराइड घेत होते, काही झालं नव्हतं. ती गोळी ‘सल्फा’ म्हणून घरच्या घरी बंद केली असती तर साखर वाढली असती आणि पायाची जखम चिघळली असती. अशी औषधं घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. आपण त्यांना कार्ड दाखवायचं, गोळी परस्पर थांबवायची नाही.

को-ट्रायमॉक्साझोल हे नावही जरा फसवं आहे. त्यात ‘सल्फा’ दिसतच नाही. सेप्ट्रान, बॅक्ट्रिम या ब्रँडनावांतही नाही. घटकांच्या ओळीत मात्र ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम आणि सल्फामेथॉक्साझोल ८०० मिलिग्रॅम असं सापडतं; ‘डीएस’ लिहिलेली गोळी ती ही. म्हणून ब्रँड पाठ करण्यात अर्थ नाही, ते बदलत राहतात, आणि दुकानदार ‘हे संपलंय, हे घ्या’ म्हणून दुसरं देतो तेव्हा तर नाव बिलाच्या वेळीच बदलतं.

पिशवीत आणखी एक स्ट्रिप होती, अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅमची. काकांना ती चालते. पण मुलगा सहज म्हणाला, ‘बायकोला मात्र पेनिसिलिनची रिॲक्शन आहे,’ आणि मग मी त्याला थांबवून घेतलं. उरलेल्या गोळ्या घरातल्या डब्यात पडतात आणि घसा दुखल्यावर कुणीतरी काढून घेतं, हे मला रोज दिसतं.

पेनिसिलिनचं घराणं ओळखायला सल्फापेक्षा सोपं आहे, कारण ते शब्दाच्या शेवटी बघायचं असतं: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पिपरासिलिन, सगळ्यांचा शेवट ‘सिलिन’. अडचण ब्रँडच्या नावात आहे. ऑगमेंटिनमध्ये ‘सिलिन’ ऐकू येत नाही. मॉक्स म्हणजे अमॉक्सिसिलिन, पण मॉक्सिफ्लॉक्सासिन हे पूर्णपणे निराळं औषध, पेनिसिलिनशी त्याचा काही संबंध नाही. नावाच्या शेवटी ‘सीव्ही’ असेल तर आत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आहे एवढंच कळतं. त्याच्या जोडीला अमॉक्सिसिलिन असेल किंवा सेफिक्झिमही असेल. ‘सेफ’नं सुरू होणारी औषधं पेनिसिलिनची चुलत भावंडं. पूर्वी दहातल्या एकाला त्यांचाही त्रास होतो असं सांगत, आता तो धोका त्यापेक्षा बराच कमी मानतात. पण सेफॅलेक्सिन आणि सेफाड्रॉक्सिल यांची बाजूची साखळी अँपिसिलिन-अमॉक्सिसिलिनशी जुळते, त्यामुळं तिथं जास्त जपावं लागतं. एक गंमत म्हणजे सल्बॅक्टम. नावाच्या सुरुवातीला ‘सल’ बघून सल्फावाले दचकतात, आणि खरं तर ते पेनिसिलिनच्या गोतावळ्यातलं आहे.

दोन्ही घराण्यांचा त्रास वेगवेगळ्या वेळी दिसतो, हे मी त्याला लिहून दिलं. पेनिसिलिनची तीव्र प्रतिक्रिया बहुतेकदा तासाभरात येते: अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वास घ्यायला त्रास, चक्कर. तेव्हा सरळ रुग्णालयात जायचं. सल्फाची वाईट प्रतिक्रिया बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांनी येते, काकांसारखी, आणि तोवर त्या गोळीची आठवणही राहिलेली नसते. ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सोलवटणं यातलं काही दिसलं तरी तितकीच घाई.

शेवटी प्रश्न उरला तो खोकंच नसलं तर काय करायचं, हा. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून चार कापून देताना घटकांची ओळ कात्रीच्या दुसऱ्या बाजूला राहते. घटक नसलेला तुकडा ॲलर्जीच्या माणसानं नाकारावा. आमच्यासारख्याला पूर्ण स्ट्रिप दाखवायला सांगावी, मोबाइलवर तिचा फोटो काढावा. फॅमिली डॉक्टरांच्या पुडीत तर नावच नसतं. तिथं कार्ड पुढं करून ‘यात काय काय आहे, लिहून द्या’ म्हणायला लोक संकोचतात. काकांनी परवा ते म्हटलं. डॉक्टरांनी कार्ड वाचलं, एक पांढरी गोळी पुडीतून काढून घेतली आणि उरलेल्या तीन गोळ्यांची नावं पुडीवरच लिहून दिली.