व्याज फक्त रोखीच्या भागावर
लातूरच्या एखाद्या सिमेंट-लोखंड दुकानदाराचा हिशेब मांडून पाहा. महिन्याचा जीएसटी ५ लाख. त्यातले ४ लाख ४० हजार इनपुट क्रेडिटमधून वळते झाले, रोख भरायचे उरले ६० हजार. ३बी विवरणपत्र ५० दिवस उशिरा गेलं. १८ टक्क्यांनी व्याज होतं १,४७९ रुपये. नोटीस पूर्ण रकमेवर काढली तर तेच १२,३२९! कलम ५० मधली २०२१ची दुरुस्ती जुलै २०१७ पासून लागू आहे, तेव्हा नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्यांनी अशी मागणी मुकाट्याने भरू नये. डीआरसी-०६ मध्ये मुदतीत उत्तर द्यावं, रोख आणि क्रेडिट लेजरचे उतारे जोडावेत. आदेश निघाला असेल तर तीन महिन्यांत कलम १६१ खाली दुरुस्ती मागावी. पण तिची वाट पाहताना अपिलाची मुदत हुकू देऊ नये. विवरणपत्र करमागणीची कारवाई सुरू झाल्यावर भरलं असेल, तर मात्र ही सवलत मिळत नाही.