नदीची रुंदी काठावरूनच मोजा

ज्यांची जमीन नदीच्या दोन्ही अंगांना आहे, त्यांच्यावर कधी ना कधी पलीकडे पाइप न्यायची वेळ येते. किती पाइप आणायचे हे ठरवायला मग कोणीतरी पोहणारा पोऱ्या कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरतो. कृपा करून हे करू नका. जिवाचा धोका आहेच, पण एवढं करून आकडाही बरोबर येत नाही. प्रवाहात दोरीला बाक येतो आणि मोजलेली लांबी खऱ्या रुंदीपेक्षा जास्त भरते.

नदी न ओलांडता रुंदी काढता येते. घरात दहावीतलं पोर असेल तर त्याच्या भूमितीच्या पुस्तकातला समरूपतेचा धडा काढून सोबत ठेवा. बाकी एक टेप, चार-पाच सरळ काठ्या, काही खुंट्या, न ताणली जाणारी दोरी आणि जोडीला एक माणूस, एवढं पुरतं.

पलीकडच्या काठावरची एक ठळक खूण निवडा. समजा, करंजाचं झाड आहे आणि पाइप त्याच्याजवळच निघायचा आहे. अलीकडे पाइप जिथून सुरू होणार तिथे पहिली काठी रोवा. तिच्या मागे, नदीपासून दूर, दुसरी काठी अशी रोवा की मागून पाहिल्यावर दोन्ही काठ्या आणि करंजाचं खोड एका रेषेत दिसेल. आता पहिल्या काठीपाशी या रेषेला काटकोन करून काठाकाठाने सरळ रेषा आखा. तिच्यावर ४५ मीटरवर एक काठी रोवा, हिला मधली म्हणू. तिथून त्याच रेषेत आणखी १५ मीटर जाऊन शेवटची खुंटी ठोका. या खुंटीपासून पुन्हा काटकोनात, नदीकडे पाठ करून, आत जमिनीकडे रेषा धरा. त्या रेषेवरून मागे मागे सरकत नदीकडे पाहत राहा. एका जागी मधली काठी आणि करंजाचं खोड बरोबर एकामागे एक येतील. तिथे खूण करा आणि शेवटच्या खुंटीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा.

नदीवर एक मोठा त्रिकोण झाला आणि आपल्या बाजूला त्याचाच लहान नमुना. मधल्या काठीपाशी दोघांचे कोन विरुद्ध कोन म्हणून सारखे, खुंटीपाशी आणि पहिल्या काठीपाशी दोन्हीकडे काटकोन, म्हणून त्रिकोण समरूप. ४५ ही १५ची तिप्पट, म्हणून पहिल्या काठीपासून करंजापर्यंतचं अंतर आपण मोजलेल्या अंतराच्या तिप्पट. ते १८.२ मीटर भरलं, तर पलीकडे ५४.६ मीटर. पहिली काठी पाण्यापासून ४ मीटर मागे आणि करंज पलीकडच्या पाण्यापासून अंदाजे साडेतीन मीटर आत असेल, तर पाण्याचा पट्टा ४७ मीटरच्या आसपास. पाइपाला मात्र ५४.६ हाच आकडा लागतो. पाण्याची रुंदी उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरी, त्यामुळे दोन्ही टोकं पुराच्या खुणेच्या वरच धरा.

आता खरी मेख. हा हिशोब बिघडतो तो बहुतेक वेळा काटकोनापायी. आपण काटकोन दोरीने करतो, गवंडी पाया आखताना करतात तसा: ३, ४ आणि ५ मीटरवर गाठी मारून त्रिकोण ताणायचा. त्यातली ५ मीटरची बाजू १० सेंटीमीटर जास्त झाली, तर कोन जवळजवळ अडीच अंशांनी चुकतो. हे किरकोळ वाटतं. पण त्याच दोरीने शेवटच्या खुंटीपाशी कोन करताना बहुतेकजण दोरीची ४ मीटरची बाजू मागे, मधल्या काठीकडे टाकतात, कारण तिथे रेषा आयती आखलेली असते. त्रिकोण तिथे पालथा होतो आणि चूक दुप्पट होते. आपल्या उदाहरणात ५४.६ ऐवजी ६०च्या वर किंवा ५०च्या खाली आकडा येईल. म्हणजे पाच-सहा मीटर, अख्खा एक पाइप.

नीट पाहिलं तर या रीतीला काटकोनाची गरजच नाही. गरज आहे ती आपण आत आखलेली रेषा आणि पहिल्या काठीपासून करंजाकडे जाणारी रेषा समांतर असण्याची. तेवढं जमलं की कोन ९० असो की ९२, त्रिकोण समरूपच राहतात. म्हणून दोरीचा त्रिकोण पालथा करू नका. पहिल्या काठीपाशी होता तसाच उचलून शेवटच्या खुंटीवर आणा आणि ४ मीटरची बाजू पुढे टाका, मधल्या काठीपासून दूर. त्यासाठी काठावरची रेषा शेवटच्या खुंटीच्या पुढे चार-पाच मीटर वाढवून ठेवावी लागते, तेवढा त्रास घ्या. दोन्ही कोन सारखेच चुकले की चूक आपोआप निघून जाते.

दोरी तपासायचीही सोपी रीत आहे. पहिल्या काठीपाशी एकदा उजवीकडे आणि एकदा त्रिकोण पालथा करून डावीकडे कोन काढा, आणि दोन्हीकडे ४ मीटरवर खुंटी ठोका. दोन्ही खुंट्यांमध्ये दोरी ताणली की ती पहिल्या काठीला टेकली पाहिजे. वर सांगितलेली १० सेंटीमीटरची चूक असेल, तर दोरी काठीपासून सोळा-सतरा सेंटीमीटर बाजूने जाईल. डोळ्याला लगेच दिसतं.

नजर लावण्यातली चूक वेगळ्या तऱ्हेने पकडायची. मागे सरकताना आपण २० सेंटीमीटर पुढेमागे थांबलो, तर उत्तरात त्याचे ६० होतात. म्हणून मधली काठी हलवून पुन्हा मोजा. पहिल्या काठीपासून ती ४० मीटरवर घेतली की पुढे २० उरतात, प्रमाण दुप्पट होतं, आणि आत साधारण २७.३ मीटर मिळायला हवेत. दोन उत्तरांत अर्ध्या मीटरचा फरक चालेल. मात्र ही दुसरी मोजणी जुळली म्हणून कोन बरोबर होता असं समजू नका. कोन चुकलेला असला तरी दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच चुकतात, म्हणून दोरीची तपासणी आधीच करून घ्यायची.

काठ्या ओळंब्यात उभ्या करा. टेप उतारावर जमिनीला टेकवून ओढू नका, आडवा धरा, नाहीतर अंतर जास्त भरेल. मागे उंच दरड असेल तर ही जागाच सोडा आणि मोकळा, सपाट काठ शोधा. करंज निवडलंत तर खोडाच्या बुंध्यावर नजर लावा, डोलणाऱ्या फांदीवर नको.

५४.६ मीटर हे सरळ, आडवं अंतर आहे. ६ मीटरच्या लांबीचे पाइप घेतले तर ते नऊच्या थोडं वर जातं, म्हणजे दहा. प्रत्येक सॉकेटमध्ये थोडी लांबी जाते. शिवाय पाइप नदीच्या तळातून न्यायचा असेल, तर दोन्ही दरडींचा चढउतार वेगळा मोजून त्यात मिळवावा लागेल. दुकानात जाण्याआधी तोही टेपने मोजून कागदावर उतरवा.