‘बाई’ या शब्दाचा मान

मराठी शाळेत मुले शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात आणि त्या हाकेत आदराखेरीज दुसरे काही नसते. परंतु हिंदी भाषिकांच्या सभेत एखादा मराठी कार्यकर्ता ‘अब हमारी बाई बोलेंगी’ असे म्हणाला, तर मागच्या रांगांत हसू फुटते आणि व्यासपीठावरील भगिनीला मान खाली घालावी लागते. दोन्ही भाषांच्या कष्टकऱ्यांत वावरणाऱ्यांनी हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे.

‘बाई’ हा शब्द उत्तरेला परका नाही. राजस्थानच्या मीराबाई, इंदूरच्या अहिल्याबाई, झाशीच्या लक्ष्मीबाई ही नावे तेथेही आदरानेच घेतली जातात. नावाला जोडून आलेली ‘बाई’ बहुधा मानाची असते. धोका आहे तो सुट्या ‘बाई’त. उत्तरेकडील शहरांत कोठ्यावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांना ‘बाईजी’ म्हणत. त्यांच्या कलेवर लुब्ध होणाऱ्या प्रतिष्ठितांनी त्यांना घरच्या उंबऱ्याबाहेरच ठेवले आणि तो तिरस्कार हळूहळू शब्दाला चिकटला. कधीकधी तो नावापर्यंतही पोहोचला. १९४५ साली विवाह झाल्यावर अख्तरीबाई फैजाबादी ‘बेगम अख्तर’ झाल्या. इकडे हिराबाई बडोदेकर आणि केसरबाई केरकर यांची नावे मात्र ‘बाई’सकटच मानाची राहिली.

मुंबईच्या हिंदीत या शब्दाला आणखी एक अर्थ आला. ‘आज बाई नहीं आई’ या वाक्यातील बाई म्हणजे भांडी घासणारी, केर काढणारी मोलकरीण. तिला नाव असते, पण ते घेण्याची गरज कोणाला वाटत नाही. मराठी माणसानेही येथे शुचितेचा आव आणू नये. ‘त्याने बाई ठेवली आहे’ हे वाक्य अस्सल मराठीच आहे.

म्हणजे दोष शब्दाचा नाही. स्वतःच्या श्रमावर वा कलेवर पोट भरणाऱ्या स्त्रीकडे समाज ज्या नजरेने पाहतो, ती नजर शब्दात उतरते. महाराष्ट्राने २००८ साली केलेल्या कल्याण मंडळाच्या कायद्यात या स्त्रियांना ‘घरेलू कामगार’ म्हटले आहे. कायद्याचा लाभ किती जणींपर्यंत पोहोचला हा प्रश्न वेगळा. पण त्यांना कामगार म्हणणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

व्यवहारात एवढे पाळावे. हिंदी बोलताना सुटी ‘बाई’ टाळून ‘बहनजी’ किंवा ‘दीदी’ म्हणावे. ‘ताई’ हाही तेथे बिनधोक पर्याय नव्हे. हिंदीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी, त्यामुळे तरुण कार्यकर्तीला ताई म्हटल्यास पुन्हा हशाच पिकेल. शिवाय मराठी ‘बाई’ ऐकून हसणाऱ्याला तिचा अर्थ तिथल्या तिथे सांगावा. अर्थ कळल्यावर बहुतेक माणसे हसणे थांबवतात. त्यानंतरही जो हसतो, त्याची अडचण भाषेची नसते.