सातबारा लिहिणारा हात गेला, मग काम कुठे गेले?

संगणक आला की कारकुनाची नोकरी जाते, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की जितक्या जातात तितक्याच नव्या तयार होतात. आपल्या तरुणांत ही चर्चा बहुतेक वेळा याच दोन वाक्यांत अडकते. जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्यासारख्या गावात सातबाऱ्याचे काम कसे बदलले हे नीट पाहिले, तर दोन्ही बाजू नोकऱ्यांची फक्त संख्या मोजतात आणि नोकरीचा दर्जा मोजायचा विसरतात, हे लक्षात येते.

वारस नोंदीचे उदाहरण घेऊ. पूर्वी घरातला खातेदार वारला की वारस तलाठ्याकडे अर्ज करत. तलाठी आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नोंद लिही. मग फेरफार नोंदवहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये, तोच मजकूर पुन्हा उतरवी. हितसंबंधितांना नोटीस निघे, हरकतीसाठी पंधरा दिवस जात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करत. त्यानंतर तीच नावे तिसऱ्यांदा सातबाऱ्यावर चढत. पुढे कर्जासाठी, विम्यासाठी, कोर्टासाठी जितक्या नकला लागतील तितक्या हाताने लिहाव्या लागत.

आज अर्ज ई-हक्क प्रणालीवर भरता येतो. मृत्यूचा दाखला आणि इतर कागद स्कॅन होतात. नोटीस, पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्यांची तपासणी तशीच आहे. पण नोंद प्रमाणित झाली की सातबारा संगणकावरच बदलतो. नक्कल लिहावी लागत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, त्याची फी १५ रुपये.

आता यातले कोणते काम गेले? एकच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवण्याचे. श्रमाच्या अर्थशास्त्रात यालाच ठरावीक साच्याचे काम म्हणतात. ऑटर, लेव्ही आणि मर्नेन या तिघांनी २००३ मध्ये मांडले की यंत्र सबंध नोकरी खात नाही, नोकरीतली नियमाने बांधलेली कामे खाते. तलाठ्याच्या बाबतीत हे तंतोतंत दिसते. वारसांत बहिणींची नावे गाळली आहेत का, कब्जा कोणाचा आहे, हरकत खरी की खोडसाळ, हे ठरवायला माणूसच लागतो. म्हणून तलाठी गेला नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून जास्त अर्ज आले.

तलाठी टिकला, पण साच्याचेच काम करणारा वर्ग आकसला. तहसील कचेरीत नकला काढणारा, आवक-जावक लिहिणारा, टंकलेखन करणारा हा तो वर्ग. टायपिंगचे प्रमाणपत्र काढून लिपिक-टंकलेखक व्हायचे, ही आपल्या कितीतरी घरांतल्या पहिल्या पगाराची वाट होती.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत चांगला युक्तिवाद पाहिला पाहिजे. जेम्स बेसेन या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या एटीएमचा अभ्यास केला. १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेतले कॅशियर सरासरी वीसवरून तेरावर आले. पण शाखा चालवणे स्वस्त झाल्याने बँकांनी शाखाच ४३ टक्क्यांनी वाढवल्या आणि एकूण कॅशियर कमी झाले नाहीत. वस्तू स्वस्त झाली की मागणी वाढते आणि मागणी माणसे मागते, असा हा तर्क आहे.

सातबाऱ्याचीही मागणी वाढली. पीककर्ज, पीकविमा, पीएम किसान, ठिबकचे अनुदान, सगळीकडे उतारा लागतो आणि तो मिळवणे सोपे झाले आहे. वाढलेले काम कोणीतरी करतेच आहे. फक्त ते आता सरकारी कचेरीतल्या लिपिकाच्या टेबलावर येत नाही. ते ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्राच्या संगणक परिचालकाकडे जाते, किंवा बाजारपेठेतल्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात. अमेरिकेतला कॅशियर बँकेचाच नोकर राहिला होता. आपल्याकडे काम वाढले, पण मालक बदलला.

पगाराचे आकडे शेजारी ठेवून पाहा. सातव्या वेतन आयोगानुसार लिपिक-टंकलेखकाची वेतनश्रेणी १९,९०० रुपयांपासून सुरू होते, तलाठ्याची २५,५०० पासून. २०१६ नंतर ग्रामपंचायतीकडून दर केंद्रामागे महिन्याला १२,३३१ रुपये कंपनीकडे जात आणि परिचालकाच्या हाती ६,००० रुपये मानधन पडे. पुढे मानधन वाढले, पण तेही आंदोलने करून. आणि वाढले तरी ते मानधनच राहिले, वेतन झाले नाही. ‘मानधन’ या शब्दातच सगळे आले: वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही, बढती नाही.

आरक्षणही नाही. लिपिकाचे पद भरताना अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा आणि बिंदुनामावली असते. कंपनीमार्फत घेतलेल्या परिचालकाला ती लागत नाही. फॉर्मच्या दुकानाचा तर प्रश्नच नाही, तिथे भांडवल आणि रस्त्यावरचा गाळा लागतो. म्हणजे काम यंत्राने खाल्ले असे म्हणण्यापेक्षा, काम संविधानाच्या कलम १६(४) च्या कक्षेबाहेर नेले गेले, असे म्हणणे जास्त अचूक आहे. आणि हे संगणकाने केले नाही. हीच प्रणाली वेतनश्रेणीतल्या पदावर बसवून चालवता आली असती. कंत्राट हा शासनाचा निर्णय होता. २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय विरोधानंतर रद्द करावा लागला, यावरून हे निर्णय बदलता येतात हेही दिसले.

असे आपल्याबाबत एकदा घडून गेले आहे. बौद्धांना केंद्राच्या आणि बँकांच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्याच दशकात बँकांचे संगणकीकरण आणि आर्थिक सुधारणा एकत्र आल्या, कारकुनी भरती आटली, आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतले सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. दार उघडले तेव्हा आतल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती.

नव्या व्यवस्थेने कामही निर्माण केले, हे नाकारता येणार नाही. पण त्यातले बरेचसे काम चुका निस्तरण्याचे आहे. जुन्या हस्तलिखितावरून टाइप करताना क्षेत्र चुकले, नाव गळले, आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळेना. मग जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज. या अर्जाची मेहनत आणि तालुक्याच्या खेपा शेतकऱ्याच्या माथी येतात. पूर्वी लिपिक जे श्रम पगार घेऊन करत होता, त्यातला एक वाटा आता नागरिक फुकट करतो. नोकऱ्यांच्या कुठल्याच हिशेबात तो येत नाही.

पुढचा टप्पाही दिसू लागला आहे. शासनाच्या सेवा थेट व्हॉट्सअॅपवर देण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. ज्याला मोबाइलवर अर्ज भरता येतो, त्याला केंद्रात जायचे कारण उरत नाही. तेव्हा कमी होणारा माणूस लिपिक नसेल, परिचालक असेल. लिपिकाला काढायचे तर पद रद्द करावे लागते, ते कागदावर येते आणि त्यावर संघटना भांडते. परिचालकाचा करार फक्त पुढे वाढवायचा नसतो, एवढेच पुरते. डिंगोऱ्यातल्या किंवा कुठल्याही गावातल्या कार्यकर्त्याने पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागून पाहाव्यात: केंद्राचा करारनामा, त्यापोटी ग्रामपंचायत दरमहा देत असलेली रक्कम, आणि त्यातली परिचालकाच्या खात्यात पडणारी रक्कम.