कर्ज काढून दागिने घेतले, तर सोन्याचा भाव किती वाढायला हवा?

सोनं महागलं की सातारा-सांगलीच्या सराफ कट्ट्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आत्ता नाही घेतलं तर पुढं परवडणार नाही.' लग्न ठरलेलं असतं, उसाचं बिल अजून कारखान्याकडून यायचं असतं आणि पतसंस्थेत कर्ज मिळत असतं. मग हिशेब असा मांडला जातो की व्याज जाईल ते जाईल, सोन्याचा भाव त्याहून जास्त वाढेल.

2024 आणि 2025 या दोन वर्षांनी हा विश्वास आणखी पक्का केला. 2025 च्या सुरुवातीला 10 ग्रॅम शुद्ध सोनं 80 हजार रुपयांच्या आत होतं. ऑक्टोबरमध्ये ते 1 लाख 20 हजारांच्या पुढे गेलं. त्याआधी ज्यांनी कर्ज काढून दागिने घेतले, त्यांचं नुकसान झालं नाही हे खरंच आहे. पण अशी वर्षं नेहमी येत नाहीत, आणि वरच्या हिशेबात एक मोठा खर्च धरलेलाच नसतो.

पहिला तोटा दुकानाच्या पायरीवर

हा खर्च नीट कळतो तो गलाई व्यवसायातल्या माणसांना. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली आणि लगतच्या माण-खटावमधली कित्येक कुटुंबं देशभरातल्या शहरांत जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत. दागिना मुशीत गेला की त्याची नक्षी, जोडकाम, मणी, खडे यांना काही किंमत उरत नाही. उरतं ते फक्त शुद्ध सोन्याचं वजन. 22 कॅरेटचा, म्हणजे 916 शिक्क्याचा 20 ग्रॅमचा दागिना असेल तर त्यात शुद्ध सोनं 18.32 ग्रॅम असतं. विकताना पैसे मिळतात ते एवढ्याचेच.

घेताना मात्र सगळ्याचे पैसे मोजावे लागतात. उदाहरण म्हणून दोन तोळ्यांचं, म्हणजे 20 ग्रॅमचं गंठण घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून 22 कॅरेटचा भाव तोळ्याला 1 लाख रुपये धरू.

सोन्याची किंमत: 2,00,000 रुपये
मजुरी 12 टक्के: 24,000 रुपये
एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी: 6,720 रुपये
बिल: 2,30,720 रुपये

हेच गंठण दुसऱ्या दिवशी मोडायला नेलं तर मजुरी आणि जीएसटी परत मिळत नाही. त्यात सराफ घट धरतो. ती 3 टक्के धरली तर हातात 1,94,000 रुपये येतात. म्हणजे भाव एक रुपयानेही न हलता 36,720 रुपये गेले. बिलाच्या मानाने हा तोटा जवळपास 16 टक्के आहे. मजुरी दागिन्यागणिक बदलते. साध्या बांगडीला ती कमी असते, बारीक नक्षीकामाला 12 टक्क्यांहून बरीच जास्त असू शकते. लाख भरलेल्या किंवा मणी ओवलेल्या दागिन्यात एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन यातला फरक बिलावर पाहावा लागतो.

आता त्यावर व्याज

समजा, हे सगळं बिल 14 टक्के दराच्या, तीन वर्षांच्या कर्जातून भरलं. महिन्याचा हप्ता साधारण 7,885 रुपये बसतो. 36 हप्त्यांत एकूण सुमारे 2,83,900 रुपये भरले जातात. त्यात व्याज सुमारे 53,000 रुपये आहे. कर्ज मंजुरीचं शुल्क, विमा, पतसंस्थेचा भाग भांडवलाचा हिस्सा हे यात धरलेलं नाही.

तीन वर्षांनी गंठण मोडून निदान भरलेले पैसे तरी सुटायचे असतील, तर 3 टक्के घट गेल्यावर 2,83,900 रुपये हातात यायला हवेत. त्यासाठी तोळ्याचा भाव 1 लाखावरून सुमारे 1 लाख 46 हजारांवर जायला हवा. म्हणजे तीन वर्षांत 46 टक्के, दरवर्षी साधारण साडेतेरा टक्के वाढ. एवढं झालं तरी नफा शून्यच. तीन वर्षं हप्ते भरण्यासाठी जे पैसे अडकले, त्यांचा मोबदला यात कुठेच नाही.

इथेच नेहमीची तुलना फसते. 'कर्ज 14 टक्क्यांनी, सोनं 15 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे 1 टक्का फायदा' असा हिशेब सोन्याच्या लगडीला एकवेळ लागू होईल, दागिन्याला नाही. दागिन्याची शर्यत 16 टक्के मागून सुरू होते.

सोनं खरंच दरवर्षी एवढं वाढतं का?

लांबचा पल्ला पाहिला तर सोन्याची कामगिरी चांगली आहे. 2000 साली 10 ग्रॅमचा सरासरी भाव 4,400 रुपयांच्या आसपास होता. 2024 मध्ये तो 75 हजारांच्या घरात होता. ही वाढ वर्षाला साधारण साडेबारा टक्के पडते. म्हणजे चोवीस वर्षांच्या उत्तम काळाची सरासरीसुद्धा वरच्या साडेतेरा टक्क्यांच्या खालीच राहते.

शिवाय कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, सोन्याची वाढ मात्र काही वर्षं थांबून अचानक येते. 2012 मध्ये सरासरी भाव 31 हजारांच्या आसपास होता. 2015 मध्ये तो साडेसव्वीस हजारांच्या जवळ उतरला आणि 2018 मध्ये पुन्हा 31 हजारांच्या थोडा वर आला. सहा वर्षांत वाढ जवळपास शून्य. 2012 मध्ये तीन वर्षांच्या कर्जावर दागिने घेतलेल्या कुटुंबाने शेवटचा हप्ता भरला तेव्हा सोनं खरेदीच्या भावापेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी खाली होतं. मजुरी, कर आणि व्याज वेगळंच.

भाव जागतिक कारणांनीच पडतो असंही नाही. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं आणि काही दिवसांतच तोळ्यामागे चार हजारांहून जास्त रुपये कमी झाले. ज्याने रोखीने घेतलं होतं तो थांबू शकतो. ज्याच्यावर हप्ता आहे, त्याला वाईट भावातही मोडावं लागू शकतं.

'पण दागिना विकायचाच नाही'

हा युक्तिवाद रास्त आहे. बहुतेक घरांत गंठण घालायला घेतात, विकायला नाही. मग प्रश्न बदलतो: आज कर्जाने घेणं स्वस्त, की तेवढाच हप्ता साठवून तीन वर्षांनी घेणं?

तोच 7,885 रुपयांचा हप्ता साडेसहा टक्के व्याजाच्या आवर्ती ठेवीत भरला तर 36 महिन्यांनी सुमारे 3 लाख 12 हजार रुपये जमतात. एवढ्या पैशांत मजुरी आणि जीएसटीसह तेच गंठण तोळ्याला 1 लाख 35 हजारांपर्यंतच्या भावाने घेता येतं. म्हणजे सोनं तीन वर्षांत 35 टक्क्यांपर्यंत, वर्षाला साधारण साडेदहा टक्क्यांपर्यंत वाढलं, तरी थांबणाऱ्याचं नुकसान नाही. त्याहून कमी वाढलं तर उरलेले पैसे त्याचे. त्याहून जास्त वाढलं तर कर्ज काढणारा जिंकला, पण ते आधी कुणालाच सांगता येत नाही.

भाव हाताबाहेर जाईल ही भीती असेल, तर दर महिन्याला त्याच रकमेचं थोडं थोडं सोनं, नाणं किंवा गोल्ड ईटीएफच्या रूपात, घेत राहता येतं. भाव चढला तर आधी घेतलेल्या सोन्याची किंमतही चढते. भाव जिथल्या तिथे राहिला तर खर्च वगळण्याआधी 36 महिन्यांत सुमारे 28 ग्रॅम 22 कॅरेट सोन्याएवढी रक्कम जमते. कर्जाच्या वाटेवर त्याच पैशांत 20 ग्रॅम मिळालं होतं.

कर्ज कुठून येतं, यावर बरंच अवलंबून

रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना सोनं खरेदीसाठी, मग ते दागिने असोत, नाणी असोत किंवा ईटीएफ, कर्ज द्यायला मनाई केली. त्यामुळे गृहकर्जासारखं स्वस्त 'सोनेकर्ज' खरेदीसाठी मिळत नाही. सोनेतारण कर्ज वेगळं, त्यात घरातलं सोनं गहाण पडतं. खरेदीसाठी पैसे येतात ते वैयक्तिक कर्जातून, पतसंस्थेतून किंवा सावकाराकडून, आणि याच क्रमाने धोका वाढत जातो.

गावात व्याज 'शेकडा तीन' असं महिन्याने सांगतात, म्हणून ते किरकोळ वाटतं. वर्षाला ते 36 टक्के होतं. वरच्या बिलावर दर महिन्याला 6,900 रुपयांहून जास्त नुसतं व्याज जातं, मुद्दल तसंच राहतं. परवानाधारक सावकारालाही विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला 12 टक्के आणि इतरांकडून 18 टक्क्यांपेक्षा जास्त दर घेता येत नाही. शेकडा तीनने मागणारा कायद्याबाहेर आहे, हे ओळखायला एवढा गुणाकार पुरतो.

पीककर्जाचे पैसे दागिन्यात घालणं त्याहून महाग पडू शकतं. वेळेत फेडलेल्या पीककर्जाला व्याज सवलत मिळते, ती थकल्यावर जाते. आणि खत-बियाणं उधारीवर आणावं लागलं तर त्याचं व्याज पुन्हा सोन्याच्याच खात्यावर पडतं.

मग कधी चालेल?

पैसे येणार हे नक्की आणि लवकर येणार असतील, म्हणजे बिल दोन-चार महिन्यांत जमा होणार असेल, तर तेवढ्यापुरत्या उसनवारीचा भार मर्यादित राहतो. चार महिन्यांचं 14 टक्के दराने व्याज वरच्या बिलावर सुमारे 10,800 रुपये होतं. लग्नाची तारीख हलत नसेल तर ती त्या तारखेची किंमत समजावी. गुंतवणूक समजू नये.

ती किंमतही कमी करता येते. घरातलं जुनं सोनं मोडून त्यात भर घातली तर फक्त वरच्या वजनाचेच पैसे उभे करावे लागतात, मजुरी मात्र सगळ्या नव्या दागिन्यावर पडते. दोन तोळ्यांऐवजी एक तोळा घेतला तर कर्ज निम्मं होतं. कमी मजुरीचा, एचयूआयडी क्रमांक असलेला, खडे नसलेला दागिना मोडतानाही कमी तोट्याचा ठरतो.

सही करण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: 'हाच दागिना आज परत आणला तर किती द्याल?' त्या आकड्यात आणि सगळ्या हप्त्यांच्या बेरजेत जेवढं अंतर असेल, तेवढं सोन्याला आधी चालून यायचं आहे. नफ्याची गोष्ट त्यानंतर सुरू होते.