सोने महागले, पण सराफाचा नफा किती? उत्तर ३१ मार्चच्या वहीत

गंजाड : मार्च २०२४ अखेर दहा ग्रॅमला ६७-६८ हजारांच्या घरात असलेले सोने वर्षभरात ९० हजारांच्या आसपास गेले. गिऱ्हाईक म्हणते, "शेठची मजा आहे, तिजोरीतलं सोनं बसल्या जागी वाढलं." पण ३१ मार्चला वही बंद करताना सराफ ते सोने आजच्या भावाने लिहू शकत नाही. हिशेबाचा नियम असा की शिल्लक मालाची खरेदी किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम, यांत जी कमी असेल तीच धरायची.

एक उदाहरण घेऊ. समजा डहाणू-गंजाड पट्ट्यातल्या एका दुकानात वर्षाच्या सुरुवातीला १०० ग्रॅम सोने होते, ग्रॅमला ६,००० रुपयांचे. वर्षात ७,५०० च्या भावाने २०० ग्रॅम घेतले. ८,००० च्या भावाने २०० ग्रॅम विकले, म्हणजे विक्री झाली १६ लाख. शिल्लक १०० ग्रॅम आणि बाजारभाव ९,०००.

आधी आलेला माल आधी विकला असे धरले, तर शिल्लक सोने ७,५०० चे. नफा अडीच लाख. सरासरी काढली तर ग्रॅम पडतो ७,००० ला आणि नफा दोन लाख. शेवटी आलेला माल आधी विकला असे धरले तर नफा फक्त एक लाख. ही तिसरी पद्धत पूर्वी बरेच सराफ वापरत, पण लेखा मानकांत तिला आता जागा नाही. पहिल्या दोन्ही चालतात, फक्त दरवर्षी सोयीने बदलायच्या नाहीत.

बाजारभावाने शिल्लक लिहिली असती तर नफा चार लाख दिसला असता. त्यातले दीड ते दोन लाख न विकलेल्या सोन्याचे. कणगीतल्या भाताचा भाव वाढला म्हणून विकण्याआधी पैसा हातात येत नाही, तसेच हे. सुप्रीम कोर्टानेही १९५३ मध्ये चैनरूप संपतराम यांच्या चांदीच्या लगडींच्या खटल्यात हेच धरले, की शिल्लक मालाची किंमत लावण्यातून नफा जन्मत नाही. उलट भाव ६,५०० वर आला, तर ७,५०० चे सोने त्या भावाने लिहून एक लाखाचा तोटा त्याच वर्षी दाखवता येतो.

तरी खरी अडचण उरतेच. विकलेले २०० ग्रॅम पुन्हा भरायला आजच्या भावाने १८ लाख लागतात, हाती आले १६. वहीत अडीच लाखांचा नफा, त्यावर कर, आणि तिजोरीत मात्र सोने कमी. मोठी पेढी हे पेलते, लहान दुकानदार पुढच्या लग्नसराईला कमी माल ठेवतो किंवा कर्ज काढतो.

वही खरी की खोटी, हे रुपयांवरून नाही, ग्रॅमवरून कळते. सुरुवातीची शिल्लक, खरेदी आणि मोडीचे सोने यांतून विक्री व घट वजा केली की तिजोरीतले वजन जुळले पाहिजे. बँकेला दिलेल्या स्टॉकच्या पत्रकात भाव वेगळा असू शकतो, वजन नाही. आणि गिऱ्हाइकाने गहाण ठेवलेला किंवा घडवायला दिलेला दागिना त्या शिल्लकेत धरायचाच नाही. तो सराफाचा मालच नव्हे.