ग्राइंडरला हात लावण्याआधी स्वतःचा हात बघा!

पोअर-ओव्हर कॉफी बिघडली की बहुतेक लोक पहिलं काय करतात? ग्राइंडर फिरवतात. कडू लागली, करा जाड. पातळ लागली, करा बारीक. नियम सोपा आहे, पुस्तकीदृष्ट्या बरोबरही आहे, आणि माझं स्पष्ट मत असं की निम्म्याहून जास्त वेळा तो तुम्हाला चुकीच्या गल्लीत नेऊन सोडतो. कारण कॉफी बिघडवणारी गोष्ट बऱ्याचदा ग्राइंडरमध्ये नसतेच, ती केटल धरलेल्या हातात असते.

हे लिखाण अगदी नवशिक्यांसाठी नाही बरं का मंडळी. तुमच्याकडे वजनकाटा आहे, लांब चोचीची गूजनेक केटल आहे, व्ही-६० किंवा तत्सम शंकूच्या आकाराचा ड्रिपर आहे, १५ ग्रॅमला २५० ग्रॅम पाणी हे गणित पाठ आहे, आणि तरीही एक कप झकास तर दुसरा भिकार असं होतंय.. तर पुढे वाचा.

आधी चवीचं बघू. इंग्रजीत लोक सरसकट 'बिटर' म्हणून मोकळे होतात, पण आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि इथे ते फार कामाला येतात. कडू म्हणजे कारल्यासारखं, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारं. तुरट म्हणजे कच्च्या केळ्यासारखं, सुपारीसारखं, तोंड कोरडं पडून जीभ टाळूला चिकटल्यासारखी वाटते. तुरट ही खरं तर चव कमी आणि स्पर्श जास्त. कॉफी नुसती कडू असेल तर गडद भाजलेल्या बिया, फार बारीक दळण किंवा फार वेळ चाललेलं ब्रू यांच्यावर संशय घ्या. पण कॉफी तुरट असेल, आणि त्यात वर पांचटही असेल, तर मामला वेगळा आहे. पांचट म्हणजे कमी उतरलेली, तुरट म्हणजे जास्त उतरलेली. एकाच कपात दोन्ही कसं काय?

याचं उत्तर म्हणजे चॅनेलिंग. उतारावरच्या भातखाचराचा बांध एका जागी फुटला की काय होतं आठवा. सगळं पाणी त्या भगदाडातून पळतं, बाकीचं शेत कोरडं राहतं. कॉफीच्या थरात अगदी हेच होतं. कुठेतरी थर सैल असतो किंवा तुमच्या धारेने तिथे खड्डा पडतो, पाण्याला सोपी वाट मिळते आणि ते तिथूनच जात राहतं. त्या वाटेवरची कॉफी पुन्हा पुन्हा धुतली जाऊन तुरट अर्क देते, बाजूची कॉफी जेमतेम भिजते. दोन्ही एकाच कपात उतरतात. आता अशा कॉफीला तुम्ही "पातळ आहे" म्हणून अजून बारीक दळलं, तर थर अजून घट्ट होतो आणि पाणी त्या एका वाटेकडे अजूनच जोरात वळतं. म्हणजे रोग तोच, वर औषधाने वाढवलेला!

मग हे ओळखायचं कसं? लॉग वाचायचा. इथला लॉग म्हणजे ब्रू झाल्यावर उरलेला चोथा. मध्यभागी खड्डा असेल तर धार एकाच जागी पडली. कागदाच्या भिंतीवर उंचावर कॉफीचा जाड थर चिकटून राहिला असेल तर ती कॉफी बराच वेळ पाण्याबाहेर होती. वर चकचकीत चिखलासारखा लेप असेल तर बारीक भुकटी फार ढवळली गेली. एक गोम मात्र लक्षात ठेवा. शेवटी ड्रिपर गोल फिरवून थर सपाट करायची अनेकांना सवय असते. दिसायला छान दिसतं, पण त्याने पुरावाही पुसला जातो! निदान करायच्या दिवशी हे शेवटचं फिरवणं करू नका.

आता पहिली सुधारायची गोष्ट, ओतण्याचा वेग. तुमचा वेग किती आहे हे तुम्हाला माहीत आहे का? मोजायला एक मिनिट लागतं. काट्यावर रिकामं भांडं ठेवा, नेहमीसारखं १० सेकंद पाणी ओता, ग्रॅमला १० ने भागा. सेकंदाला ५ ग्रॅमच्या आसपास असेल तर ठीक. १० च्या पुढे गेलात तर दोन गोष्टी होतात. जाड धार एका जागी पडली तर थर खणला जातो. आणि पाण्याची पातळी ड्रिपरमध्ये भराभर वर चढून कॉफीच्या थराच्या वरचं पाणी कागदातून बाजूने निसटतं. व्ही-६० च्या आतल्या भिंतीवर वळणदार उभट रेषा असतात, कागद भिंतीला पूर्ण चिकटू नये म्हणून. त्याच फटीतून हे पाणी कॉफीला न भेटताच खाली जातं. कागदाच्या भिंतीवरच धार सोडलीत तरी हेच होतं. अशी कॉफी तुरट नसते, कडूही नसते, नुसती पाणी घातल्यासारखी लागते. कारण खरोखरच पाणी घातलेलं असतं :-)

दुसरी गोष्ट ढवळणं. इथे चमच्याची गरज नाही, धार स्वतःच ढवळते. धार उंचावरून आली की खोलवर जाते आणि कण हलवते. २०२५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी याच विषयावर 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात लेख छापला. मतितार्थ असा की बारीक पण अखंड धार उंचावरून पडली तर कण वर उचलले जाऊन पुन्हा ढासळतात, आणि त्या घुसळणीमुळे अर्क चांगला उतरतो. अट एकच, धार पाण्याला भेटेपर्यंत तुटता कामा नये. तुटून थेंब झाले की ते फक्त वरवर पाणी उडवतात. आवाजावरून कळतं. टपटप ऐकू आली तर केटल खाली आणा.

अगदी कमी ढवळलं तर काही कण कोरडेच राहतात आणि कॉफी आंबूस, पांचट होते. फार ढवळलं तर दळणातली भुकटी खाली जाऊन कागदाची छिद्रं बुजवते. शेवटचं पाणी खाली जायला अडून बसतं, घड्याळ चार मिनिटांच्या पुढे जातं आणि कॉफी जड, कडवट होते. त्यामुळे माझा हिशोब असा: मुख्य ढवळणं ब्लूममध्ये, म्हणजे पहिल्या थोड्या पाण्यात, उरकून घ्या. नंतर हात आवरता घ्या.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. हापिसातला एक मित्र चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या बिया वापरतो. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, तापमान ९३ अंश. ३० ग्रॅमचा ब्लूम, ३० सेकंद, मग उरलेलं २२० ग्रॅम पाणी एका दमात मध्यभागी, साधारण २० सेकंदांत. म्हणजे सेकंदाला ११ ग्रॅम! दोन मिनिटांत सगळं खाली. कॉफी पांचट. मग त्याने दळण दोन क्लिक बारीक केलं. वेळ २ मिनिटं २० सेकंद झाली, अंग तसंच पातळ, आणि वर तुरटपणा आला. चोथ्यात मधोमध खड्डा.

आम्ही दळण तसंच ठेवलं आणि एका कपात एकच बदल केला. पहिल्या कपात फक्त ब्लूम. ३० ऐवजी ४५ ग्रॅम पाणी, ड्रिपर हातात धरून तीन-चार वेळा हलकेच गोल फिरवला, म्हणजे कोरड्या गुठळ्या भिजल्या, आणि ४५ सेकंद थांबलो. पुढचं ओतणं पूर्वीसारखंच. आंबूसपणा कमी झाला, तुरटपणा मात्र राहिला. म्हणजे खड्ड्याचा प्रश्न सुटलेला नव्हता.

दुसऱ्या कपात ओतणं बदललं. ४५ व्या सेकंदाला सुरुवात करून सेकंदाला ५ ग्रॅमने १५० ग्रॅमपर्यंत, धार मध्यापासून बाहेर गोल गोल नेत, पण कागदापासून बोटभर आत. पाणी निम्मं उतरेपर्यंत थांबून, साधारण दीड मिनिटाला, उरलेलं १०० ग्रॅम त्याच वेगाने. सगळं पाणी २ मिनिटं ५५ सेकंदांनी खाली. तुरटपणा गेला, अंग आलं. शेवटी किंचित कडू लागत होती. आता, आणि आत्ताच, ग्राइंडर फिरवला. एक क्लिक जाड. २ मिनिटं ४० सेकंद, आणि कप मस्त.

गंमत बघा, शेवटचं दळण मूळ दळणापेक्षा जेमतेम एक क्लिक बारीक होतं. म्हणजे ग्राइंडरचा वाटा तेवढाच, बाकी सगळं हाताचं. आणि हात सुधारल्यावरच ग्राइंडरचा आकडा खरं बोलायला लागला. त्याआधी तो क्लिक मागे-पुढे करून काही कळणारच नव्हतं, कारण पाणी कॉफीतून नीट जातच नव्हतं.

अर्थात हाताने सगळं सुटत नाही. बिया काळ्याकुट्ट भाजलेल्या असतील तर कडूपणा त्यांच्यातच आहे, पाणी ९३ वरून ८८ अंशांवर आणा, थोडा फरक पडेल. ब्लेडवाला मिक्सर वापरत असाल तर त्यात भुकटी आणि गोटे एकत्रच निघतात, तिथे कितीही नाजूक ओता, पाणी वाट शोधणारच. आणि वेग, ब्लूम, धार सगळं जागेवर असून, चोथाही ठीक दिसत असून कॉफी पातळ लागत असेल, तर मग खुशाल दळण बारीक करा. तेव्हा तो पुस्तकी नियम अगदी बरोबर ठरतो.

तर पुढचा कप बिघडला की ग्राइंडरकडे जाण्याआधी दोन कामं करा. कडू आहे की तुरट ते जिभेला विचारा, आणि चोथा फेकण्याआधी एकदा बघा.